ड्रूपच्या धाकाने निवडलेला कपॅसिटर

सॅम्पल-अँड-होल्ड सर्किट जुळवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे : होल्ड कपॅसिटर घेताना हात आखडता घेऊ नका, जितका मोठा तितका बरा. प्रयोगशाळेत मदतनीस तो विद्यार्थ्याला देतो, कारखान्यात जुना अभियंता नव्याला देतो आणि कपॅसिटर विकणारा तर तो सगळ्यांनाच देतो. सल्ल्यामागचे कारणही ठरलेले असते. धरून ठेवलेले व्होल्टेज हळूहळू घसरते, या घसरणीला ड्रूप म्हणतात आणि कपॅसिटर मोठा केला की ड्रूप कमी होतो. यातला एकही शब्द खोटा नाही. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो नेमका कुठे चुकतो हे आकड्यांनिशी दाखवण्यासाठी हा लेख आहे.

आधी प्रतिपक्षाची बाजू नीट मांडतो. उदाहरणाला एलएफ३९८ ही चिप घेऊ. नॅशनल सेमीकंडक्टरने ती बाजारात आणली आणि आपल्याकडच्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी सॅम्पल-अँड-होल्ड याच चिपवर शिकले. आत एक इनपुट बफर, एक इलेक्ट्रॉनिक स्विच आणि एक आउटपुट बफर असतो. होल्ड कपॅसिटर तेवढा बाहेरून, सहाव्या पिनला जोडायचा. आठव्या पिनवरची आज्ञा ‘सॅम्पल’ची असेल तर कपॅसिटर इनपुटच्या मागोमाग जातो. आज्ञा ‘होल्ड’ची झाली की स्विच उघडतो आणि कपॅसिटरवर त्या क्षणी असलेले व्होल्टेज तसेच राहते. मात्र उघडा स्विच आणि आउटपुट बफरचा एफईटी यांतून किंचित विद्युतप्रवाह गळत राहतो. डेटाशीटप्रमाणे २५ अंश सेल्सियसला ही गळती साधारण ३० पिकोअँपिअर, आणि वाईटात वाईट २०० पिकोअँपिअर असते. मग घसरणीचा वेग सरळ भागाकाराने मिळतो :

dV/dt = I / C

०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर २०० पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला २० मिलिव्होल्ट. हाच कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा केला तर सेकंदाला ०.२ मिलिव्होल्ट. शंभरपट सुधारणा झाली आणि खर्च फक्त एका कपॅसिटरचा. एवढ्या स्वस्तात एवढा फायदा मिळत असताना तो कोण सोडेल, असा या मंडळींचा प्रश्न असतो.

माझा उलट प्रश्न असा की ही सुधारणा तुम्हाला हवी होती का? सेकंदाला २० मिलिव्होल्ट हा आकडा भीतिदायक वाटतो तो ‘सेकंदाला’ या शब्दामुळे. तुमचे सर्किट एक सेकंद धरून ठेवत नसेल, तर तो आकडा तुमच्यासाठी नाहीच. म्हणून एक खरे काम घेऊ आणि शेवटपर्यंत तेच सोडवू.

आठ सेन्सर आहेत, प्रत्येकाचे व्होल्टेज ० ते १० च्या दरम्यान आहे. मल्टिप्लेक्सर एकेक चॅनल पुढे आणतो, एलएफ३९८ त्याचा नमुना धरते आणि एडी५७४ए हा १२ बिटांचा एडीसी त्याचे अंकांत रूपांतर करतो. या एडीसीला पूर्ण रूपांतराला जास्तीत जास्त ३५ मायक्रोसेकंद लागतात. दहा व्होल्टचे ४०९६ भाग केले तर एक भाग २.४४ मिलिव्होल्टचा, आणि त्याचा अर्धा १.२२ मिलिव्होल्टचा. हा अर्धा भाग म्हणजे आपली चुकीची कमाल मर्यादा.

सॅम्पल-अँड-होल्ड इथे लागतोच, कारण ३५ मायक्रोसेकंद चाललेल्या रूपांतरात इनपुट अर्ध्या भागाहून जास्त सरकता कामा नये. तो नसेल तर पूर्ण पल्ल्याची साइन लहर साधारण १.१ हर्ट्झपेक्षा वेगवान असलेली चालत नाही. म्हणजे सेकंदाला जेमतेम एक आवर्तन. पण याचा अर्थ असाही होतो की धरून ठेवण्याचे काम ३५ मायक्रोसेकंदांपुरतेच आहे.

आता ड्रूपला त्या १.२२ मिलिव्होल्टमधला फक्त दहावा हिस्सा, म्हणजे ०.१२ मिलिव्होल्ट देऊ. गळतीही सोयीची धरायची नाही. २०० पिकोअँपिअरचा आकडा २५ अंशांचा आहे. एफईटीची गळती तापमानात दर १० अंशांच्या वाढीला साधारण दुप्पट होते. बंद पेटीत, उन्हाळ्यात चिप ६५ अंशांपर्यंत तापली असे धरले तर गळती चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट : ३.२ नॅनोअँपिअर. हिशेब असा :

C = I × t / ΔV = 3.2 nA × 35 µs / 0.122 mV ≈ 920 pF

चिप तापलेली, गळती कमाल, आणि ड्रूपच्या वाट्याला मर्यादेचा फक्त दहावा भाग. इतके सगळे विरोधात धरूनही १००० पिकोफॅरड, म्हणजे ०.००१ मायक्रोफॅरड पुरतो. २५ अंशांना तर साठेक पिकोफॅरडवर भागले असते. ज्याच्या धाकाने लोक ०.१ आणि १ मायक्रोफॅरडकडे धावतात, तो ड्रूप या कामात सगळ्यात गरीब प्रतिस्पर्धी आहे. ०.१ मायक्रोफॅरड लावून ड्रूप आणखी शंभरपटीने कमी होईल खरा, पण जी चूक एडीसीला दिसतच नव्हती ती आणखी दिसेनाशी केल्याने हातात काय पडते?

इथे अनुभवाचा दाखला दिला जातो आणि तो मी हलक्याने घेत नाही. ‘आम्ही १००० पिकोफॅरड लावला होता तेव्हा वाचने भलतीच यायची. दहापट मोठा लावला आणि ती सुधारली,’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. फक्त श्रेय ते चुकीच्या खात्यावर जमा करतात. वाचने सुधारली ती ड्रूप कमी झाल्यामुळे नव्हे, होल्ड स्टेप कमी झाल्यामुळे.

होल्ड स्टेप म्हणजे सॅम्पलमधून होल्डमध्ये जाताना बसणारा एक झटका. स्विच उघडणाऱ्या आज्ञेचा थोडासा विद्युतभार स्विचच्या आतल्या धारितेतून कपॅसिटरवर येऊन पडतो आणि धरलेले व्होल्टेज त्याच क्षणी किंचित सरकते. डेटाशीटमध्ये ०.०१ मायक्रोफॅरडसाठी आणि शून्य व्होल्ट आउटपुटला एलएफ३९८चा होल्ड स्टेप साधारण १ मिलिव्होल्ट आणि कमाल २.५ मिलिव्होल्ट दिलेला आहे. त्याचा विद्युतभार काढला तर १० ते २५ पिकोकूलम. हा भार जवळजवळ ठरलेला असतो, म्हणून कपॅसिटर लहान केला की झटका त्याच प्रमाणात वाढतो. १००० पिकोफॅरडवर तो साधारण १० मिलिव्होल्टचा होतो, म्हणजे आपल्या एडीसीचे चार भाग. त्याच कपॅसिटरवर ३५ मायक्रोसेकंदांचा ड्रूप २५ अंशांना कमाल गळती धरूनही ७ मायक्रोव्होल्ट आहे. दोन चुकांमध्ये हजारपटींहून जास्त अंतर आहे, आणि दोष मात्र लहान चुकीच्या नावे नोंदवला जातो.

हा फरक शब्दांचा नाही, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. ड्रूप वेळेबरोबर वाढतो. होल्ड स्टेप पहिल्या क्षणीच होऊन जातो आणि नंतर वाढत नाही. त्याचा ठरलेला भाग जुळवून शून्यावर आणता येतो. डेटाशीटमध्येच त्यासाठी एक छोटी जोडणी दिलेली आहे, जीत आज्ञेचा उलटा सिग्नल सुमारे १० पिकोफॅरडच्या कपॅसिटरमधून होल्ड पिनवर सोडतात आणि पोटेन्शिओमीटरने त्याचा आकार जुळवतात. उरतो तो इनपुट व्होल्टेजनुसार बदलणारा थोडा भाग. तो कॅलिब्रेशनमध्ये बहुतांशी धरता येतो. आज्ञेची कडही खडी हवी. सेकंदाच्या दशलक्षांश भागात एका व्होल्टपेक्षा संथ चढणारी-उतरणारी आज्ञा दिली तर होल्ड स्टेप विनाकारण वाढतो. ज्याने दोष ड्रूपच्या माथी मारला, तो यांतला एकही उपाय करून पाहणार नाही. तो कपॅसिटर मोठा करील, आणि एकदा मोठा करून फायदा झाला म्हणून पुढच्या वेळी आणखी मोठा करील.

या आणखी मोठ्याची किंमत अ‍ॅक्विझिशन टाइममध्ये चुकवावी लागते. सॅम्पलची आज्ञा मिळाल्यापासून कपॅसिटर नव्या व्होल्टेजला ठरलेल्या अचूकतेने पोहोचेपर्यंतचा हा वेळ. एलएफ३९८ कपॅसिटरला साधारण ५ मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह देऊ शकत नाही. रांजण मोठा आणला म्हणून नळाची धार वाढत नाही. ०.०१ मायक्रोफॅरडला १० व्होल्ट सरकायला ५ मिलिअँपिअरने २० मायक्रोसेकंद लागतात. दहा व्होल्टच्या उडीसाठी ०.१ टक्के अचूकतेचा डेटाशीटमधला आकडाही तोच आहे. १००० पिकोफॅरडसाठी तिथे ४ मायक्रोसेकंद दिलेले आहेत. त्यांतले निम्मे भरण्यात आणि निम्मे स्थिरावण्यात जातात. ०.१ मायक्रोफॅरडला नुसते भरायलाच २०० मायक्रोसेकंद लागतील आणि १ मायक्रोफॅरडला २ मिलिसेकंद.

आता हे आपल्या आठ चॅनलांच्या कामात बसवू. एका चॅनलवर ८ व्होल्ट आहेत, त्याच्या लगेच पुढच्या चॅनलवर शून्य. फर्मवेअरमध्ये सॅम्पलचा वेळ ०.०१ मायक्रोफॅरड गृहीत धरून ४० मायक्रोसेकंद ठेवलेला आहे. कुणी तरी ड्रूप कमी करायचा म्हणून बोर्डावरचा कपॅसिटर काढून तिथे ०.१ मायक्रोफॅरडचा टाकला. फर्मवेअरला कुणी हात लावला नाही. ४० मायक्रोसेकंदांत ५ मिलिअँपिअरने हा कपॅसिटर फक्त २ व्होल्ट सरकतो. म्हणजे शून्य व्होल्टच्या चॅनलचे वाचन येते ६ व्होल्ट. ड्रूप मात्र अप्रतिम! चुकीचे ६ व्होल्ट तो ३५ मायक्रोसेकंद जराही न हलता धरून ठेवतो.

या दोषाचा वाईटपणा असा की तो दोषासारखा दिसत नाही. वाचन थरथरत नाही, उड्या मारत नाही. दर फेरीला तेच ठाम चुकीचे उत्तर येते. एकाच चॅनलवर तपासले तर ते बरोबरही येते, कारण कपॅसिटर आधीपासूनच त्या व्होल्टेजजवळ असतो. तेव्हा आठही चॅनलांना एकच व्होल्टेज देऊन ‘सगळे ठीक’ असा शेरा मारणारी चाचणी या बाबतीत काहीच सांगत नाही. एका चॅनलवर ९ व्होल्ट आणि त्याच्या पुढच्यावर शून्य द्या. आधीचे ९ व्होल्ट कमी-जास्त करून पाहा. पुढच्या चॅनलचे शून्य त्याबरोबर हलत असेल तर कपॅसिटर पोहोचत नाही. मग सॅम्पलचा वेळ वाढवत न्या. चूक त्याबरोबर वितळत गेली तर निदान पक्के झाले.

वेळ वाढवणे हाही उपाय आहे, असे म्हणता येईल. आहे, पण त्याचा भाव पाहा. ०.०१ मायक्रोफॅरडसाठी सॅम्पलला ४०, रूपांतराला ३५ आणि होल्डनंतर आउटपुट स्थिरावायला ५, असे ८० मायक्रोसेकंद एका चॅनलला लागतात. आठ चॅनलांची फेरी ६४० मायक्रोसेकंदांत होते, म्हणजे प्रत्येक चॅनलची सेकंदाला सुमारे दीड हजार वाचने. ०.१ मायक्रोफॅरडला सॅम्पलचे २५० मायक्रोसेकंद दिले तर वाचने ४३० वर येतात. १ मायक्रोफॅरडला अडीच मिलिसेकंद दिले तर पन्नासही होत नाहीत. दीड हजारांवरून पन्नासवर येण्याच्या बदल्यात जो ड्रूप वाचला, तो एडीसीच्या एका भागाच्या शतांशाइतकाही नव्हता.

मोठ्या कपॅसिटरचे आणखी एक दुखणे त्याच्या पोटात असते. ०.०१ मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन किंवा सी-झिरो-जी सिरॅमिक कपॅसिटर सहज मिळतो. १ मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन मिळतो, पण तो बोर्डावर बरीच जागा खातो आणि महागही पडतो. मग हात आपोआप पॉलिएस्टरकडे, त्याहून स्वस्त एक्स-सेव्हन-आर सिरॅमिककडे, आणि कधी कधी इलेक्ट्रोलिटिककडेही जातो. आकडा मोठा झाला आणि माल हलका झाला, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

इलेक्ट्रोलिटिकचा निकाल एका ओळीत लागतो. त्यांच्या डेटाशीटमध्ये गळतीची हमी बहुधा ‘०.०१ CV किंवा ३ मायक्रोअँपिअर, यांत जे जास्त असेल ते’ अशी असते. ३ मायक्रोअँपिअर म्हणजे एलएफ३९८च्या कमाल गळतीच्या पंधरा हजारपट. कपॅसिटर शंभरपट मोठा केल्याने जे मिळवले, ते पंधरा हजारपट गळतीने घालवले. हमीच्या आकड्यांवर ड्रूप आधीपेक्षा दीडशेपट वाढला. ड्रूपच्या भीतीने घेतलेला कपॅसिटरच ड्रूपचे मूळ ठरतो.

पॉलिएस्टर आणि सिरॅमिकचा दोष अधिक लपलेला आहे. कपॅसिटरमधले डायलेक्ट्रिक आधीचे व्होल्टेज थोडे लक्षात ठेवते. नॅशनल सेमीकंडक्टरचे बॉब पीझ यांनी १९८२ साली ‘ईडीएन’ नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला. त्यांनी मांडलेले चित्र सोपे आहे : मुख्य कपॅसिटरला समांतर असे अनेक छोटे कपॅसिटर आहेत आणि प्रत्येकाच्या वाटेत एक मोठा रेझिस्टर आहे असे समजा. सॅम्पलच्या थोड्या वेळात मुख्य कपॅसिटर नव्या व्होल्टेजला पोहोचतो, पण रेझिस्टरमागचे छोटे कपॅसिटर जुन्याच व्होल्टेजवर राहतात. स्विच उघडला की ते हळूहळू मुख्य कपॅसिटरला जुन्या व्होल्टेजकडे ओढतात. एलएफ३९८ची डेटाशीट पॉलिएस्टरसाठी ही ओढ ०.२ टक्क्यांपर्यंत सांगते आणि बहुतेक सिरॅमिकना १ टक्क्याहून जास्त म्हणून निरुपयोगी ठरवते. सी-झिरो-जी तेवढा त्याला अपवाद. दहा व्होल्टच्या उडीवर ०.२ टक्के म्हणजे २० मिलिव्होल्ट, आपल्या एडीसीचे आठ भाग. ही पूर्ण विसाव्यानंतरची किंमत आहे. होल्डनंतर लगेच रूपांतर उरकले तर तिचा थोडाच भाग दिसतो. पण ज्याने मोठा कपॅसिटर दीर्घकाळ धरण्यासाठी घेतला, त्याला ती पुरी मोजावी लागेल.

आता मुख्य मुद्दा : ही ओढ टक्क्यांत असते. कपॅसिटर ०.०१ चा असो की १ मायक्रोफॅरडचा, डायलेक्ट्रिक तेच असेल तर ०.२ टक्के हे ०.२ टक्केच राहतात. म्हणजे स्कोपच्या पडद्यावर जी घसरण ड्रूपसारखी दिसते, तिच्यातला हा भाग कपॅसिटर कितीही मोठा केला तरी कमी होणार नाही. तो कमी होतो डायलेक्ट्रिक बदलल्याने, आणि तेही बहुधा लहान आकड्याकडे गेल्यावरच परवडते.

तेव्हा ‘घसरण दिसते आहे’ एवढ्यावर निदान करणे थांबवले पाहिजे. घसरण तीन ठिकाणांहून येऊ शकते आणि तिन्ही वेगळ्या ओळखता येतात. त्यासाठी स्वस्त प्रयोग आहे. चिपला शून्य, अधिक ५ आणि उणे ५ व्होल्ट अशी तीन व्होल्टेजे आळीपाळीने पुरेसा वेळ सॅम्पल करायला देऊन होल्डमध्ये टाका आणि काही सेकंद आउटपुट पाहा. चिपची गळती असेल तर तिन्ही वेळा घसरण साधारण एकाच दिशेला आणि सरळ रेषेत होईल. चिप थोडी तापवली तर वेग ठळकपणे वाढेल. बोर्डाची गळती असेल तर शून्यावर घसरण जवळजवळ नसेल आणि अधिक-उणे पाचला ती शून्याकडे, म्हणजे उलट दिशांना जाईल. डायलेक्ट्रिकची ओढ असेल तर ती आधीच्या व्होल्टेजकडे जाईल, सुरुवातीला भराभर आणि मग मंदावत. आणि होल्ड करण्यापूर्वी सॅम्पल बराच लांबवला की ती ओसरेल.

हा प्रयोग करताना मीटर पाचव्या पिनवर, म्हणजे आउटपुटवरच लावायचा. थेट कपॅसिटरवर मीटर लावणारे पुष्कळ आहेत. मल्टीमीटरचा १० मेगओहम हा ०.०१ मायक्रोफॅरडला सेकंदाच्या दहाव्या भागाच्या कालांकाने रिकामा करतो. मग ‘बघा किती ड्रूप आहे’ म्हणून मोठा कपॅसिटर मागवला जातो. घसरण मीटरची होती. चिपचा त्यात संबंध नव्हता.

बोर्डाच्या गळतीचे आपल्याकडे विशेष कौतुक करायला हवे, कारण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात, फ्लक्स न धुतलेल्या बोर्डावर ती हमखास भेटते. सहाव्या पिनपासून जमिनीपर्यंतचा रोध १० गिगओहमपर्यंत उतरला तर १० व्होल्टला १ नॅनोअँपिअर गळतो, चिपच्या कमाल आकड्याच्या पाचपट. सहाव्या पिनला लागूनच सातवी पिन आहे आणि ती बहुतेक सर्किटांत जमिनीला जोडलेली असते. गळतीला वाट आयतीच तयार. याचे उत्तर कपॅसिटरमध्ये नाही. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, आणि सहावी पिन व कपॅसिटरची ती बाजू यांच्याभोवती तांब्याची गार्ड पट्टी ओढून ती पाचव्या पिनला जोडा. आउटपुट हे कपॅसिटरच्याच व्होल्टेजवर असते, म्हणून पिन आणि पट्टी यांच्यात गळायला व्होल्टेजच उरत नाही.

मोठ्या कपॅसिटरला कुठेच जागा नाही, असे मी म्हणत नाही. एक सेकंद धरून १ मिलिव्होल्टच्या आत राहायचे असेल, तर २०० पिकोअँपिअरला ०.२ मायक्रोफॅरड लागतोच. १ मायक्रोफॅरड लावून मिनिटाला ५ मिलिव्होल्टपर्यंत ड्रूप खाली आणता येतो, हे चिप बनवणाऱ्यांनीच सांगितले आहे. ज्या उपकरणात नमुना घ्यायला काही मिलिसेकंद निवांत मिळतात, तिथे तो जरूर लावा, फक्त पॉलिप्रॉपिलीनचा लावा. नमुना चटकन घ्यायचा आणि दीर्घकाळ धरायचा, अशी दोन्ही टोके हवी असतील तर दोन सॅम्पल-अँड-होल्ड एकामागे एक जोडावेत : पहिल्याचा कपॅसिटर लहान, तो नमुना पटकन पकडतो, दुसऱ्याचा मोठा, तो पहिल्याकडून सावकाश घेतो. आणि शक्य असेल तिथे सरळ रूपांतर करून आकडा रजिस्टरमध्ये ठेवावा. रजिस्टरला ड्रूप नसतो.

शेवटचा आक्षेप असा येतो की हा सारा वाद जुना झाला; आता सॅम्पल-अँड-होल्ड एडीसीच्या आतच असतो आणि त्याचा कपॅसिटर निवडण्याचा अधिकार आपल्याकडे नाही. अधिकार गेला हे खरे, हिशेब मात्र गेला नाही. एमसीपी३२०८ हा आज विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास दिसणारा १२ बिटांचा एडीसी घ्या. त्याच्या आत २० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि साधारण १ किलोओहमचा स्विच आहे, आणि नमुना घ्यायला दीड क्लॉक मिळतात. ५ व्होल्टवर २ मेगाहर्ट्झच्या क्लॉकने तो वेळ होतो ०.७५ मायक्रोसेकंद. सेन्सरचा रोध १० किलोओहम असेल तर कालांक ०.२२ मायक्रोसेकंद आणि अर्ध्या भागाइतकी अचूकता गाठायला तसे नऊ कालांक लागतात, म्हणजे जवळपास २ मायक्रोसेकंद. मिळालेल्या वेळात साडेतीनही होत नाहीत आणि नव्या-जुन्या व्होल्टेजमधल्या फरकाचे तीनेक टक्के बाकी राहतात. पुन्हा तोच शेजारच्या चॅनलचा ठसा. क्लॉक ५०० किलोहर्ट्झवर आणला की दीड क्लॉक ३ मायक्रोसेकंदांचे होतात आणि दोष जातो. मात्र क्लॉक हवा तेवढा संथही करता येत नाही : नमुना घेतल्यापासून बाराही बिट १.२ मिलिसेकंदांच्या आत बाहेर काढा, म्हणजे क्लॉक १० किलोहर्ट्झच्या खाली नेऊ नका, असे याच एडीसीची डेटाशीट बजावते, कारण तापलेल्या चिपमध्ये त्या २० पिकोफॅरडचा भार गळतो. एका बाजूला अ‍ॅक्विझिशन, दुसऱ्या बाजूला ड्रूप. कपॅसिटर हातात नसेल तर क्लॉक निवडताना हाच हिशेब करावा लागतो.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. होल्ड कपॅसिटरची किंमत ही एका बाजूने वाढवत नेण्याची गोष्ट नाही. तिला खालून दोन आणि वरून एक अशा तीन मर्यादा आहेत. धरण्याचा वेळ आणि सगळ्यात तापलेल्या चिपची गळती यांवरून ड्रूपची खालची मर्यादा काढा. विद्युतभार आणि चालणारी चूक यांवरून होल्ड स्टेपची खालची मर्यादा काढा. सॅम्पलला मिळणारा वेळ, चार्जिंगचा प्रवाह आणि चॅनलांमधली सगळ्यात मोठी उडी यांवरून वरची मर्यादा काढा. आपल्या आठ चॅनलांच्या कामात पहिल्या मर्यादेने १००० पिकोफॅरड सांगितला, दुसरीने ०.०१ मायक्रोफॅरडपर्यंत वर नेले आणि तिसरीने त्याहून फार पुढे जाऊ दिले नाही. म्हणून तिथे ०.०१ मायक्रोफॅरड, सी-झिरो-जी किंवा पॉलिप्रॉपिलीन, होल्ड स्टेप जुळवून. या तीन मर्यादांमध्ये जागाच उरत नसेल तर दुसरी चिप घ्या किंवा दोन टप्पे करा. कपॅसिटर फुगवून ती जागा तयार होत नाही. आणि यापुढे सर्किटच्या आराखड्यात होल्ड कपॅसिटरशेजारी नुसती किंमत लिहू नका : धरण्याचा वेळ, सॅम्पलचा वेळ आणि डायलेक्ट्रिक हेही लिहा. हे तिन्ही माहीत नसताना ‘जरा मोठाच टाका’ असे सांगणाऱ्याचा सल्ला मानू नका.